मिक्सरच्या जारच्या बुडातला नट सुटत नाही : काय बघायचं, कुठं थांबायचं

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये फिटर. घर वडगावात. दिवसभर पाने हातात असतात हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत, त्यामुळं रविवारी सकाळी दारात कुणीतरी जार घेऊन उभं असतंच. दहातल्या आठ जणांची तक्रार एकच असते : पातं बदलायचंय, नवीन सेट आणलाय, पण बुडातला नट हलायला तयार नाही. मी आजवर असे जार किती सोडवले ते मोजलं नाही, पण बिघडवले किती ते पक्कं आठवतंय. चार. त्या चारांतून जे शिकलो तेच इथं जास्त आहे.

आधी जारची रचना डोळ्यासमोर आणा. पात्याखाली एक दांडी असते, तिला आम्ही स्पिंडल म्हणतो. ती दांडी ज्या नळीतून फिरते तो बुश. बुशाला वरच्या बाजूला रुंद कड असते, ती जारच्या आत तळावर टेकते. कडेखाली रबरी वायसर. बुशाची नळी तळाच्या भोकातून खाली येते, तिच्यावर बाहेरून आटे असतात आणि त्या आट्यांवर एक रुंद, पातळ षटकोनी नट आवळलेला असतो. दांडीचं टोक त्याहून खाली येतं आणि त्यावर कपलर बसतो, म्हणजे मिक्सरच्या मोटरवर बसणारा तो काळा किंवा पांढरा दातेरी तुकडा. सगळा पात्याचा सेट त्या एका नटावर जारला धरून असतो. आपलं भांडण त्याच्याशीच आहे.

लक्षणं

नट नेमका कशामुळं अडकलाय, ते बाहेरून बरंचसं कळतं. एकेक बघा.

पाना लावला, जोर दिला, आणि नट तसूभरही हलला नाही. हा सरळ अडकलेला नट.

नट फिरतोय, पण वर येत नाही. जारमध्ये डोकावलं तर बुशाची कडही त्याच्याबरोबर फिरताना दिसते. इथं नट घट्ट आहेच, शिवाय बुशाची पकड सुटलीय. हे लक्षण ओळखता येत नाही म्हणून लोक अर्धा तास नुसता नट फिरवत बसतात.

पाना निसटतोय, नटाचे कोपरे चकाकायला लागलेत. म्हणजे पाना चुकीचा आहे. थांबा, आणखी दोनदा निसटला तर कोपरेच राहणार नाहीत.

जोर दिल्यावर जारचा तळच वळल्यासारखा वाटतो, किंवा पत्र्याचा कर्र असा आवाज येतो. तिथल्या तिथं हात काढा. याबद्दल शेवटी सांगतो.

नट एवढा घट्ट होतो कसा

कारखान्यातून जार येतो तेव्हा नट एवढा आवळलेला नसतो. तो नंतर आवळला जातो, आणि बहुतेक वेळा गळती थांबवायला. चटणीच्या जारखाली काळं पाणी यायला लागलं की घरातला कुणीतरी, नाहीतर दुकानातला पोरगा, पाना लावून नट दाबतो. आठवडाभर गळत नाही. मग परत गळतं, परत दाबतात.

खरं तर गळतीच्या वाटा दोन आहेत. रबर कडक झालं की पाणी बुशाच्या बाहेरून येतं. बुश आतून झिजला की पाणी दांडीलगत, मधोमध येतं, आणि काळं पाणी बहुधा हेच असतं : झिजलेल्या धातूची पूड आणि जुनं तेल. या दुसऱ्या गळतीला नट कितीही आवळला तरी काही उपयोग नाही. पाणी नटातून येतच नसतं. तरी बिचारा नट मार खातो.

दुसरं कारण आपल्या खाण्यातलं. आपल्याकडं चटणीच्या जारमध्ये काय काय जातं बघा : संकेश्वरी मिरची, मीठ, लसूण, चिंच, ओलं खोबरं, शेंगदाणा, कारळं. मीठ आणि चिंचेचं पाणी नटाच्या आट्यांत उतरलं की पितळेवर हिरवा कळंक चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. त्यावर खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं तेल सुकून चिकट लाखेसारखं बसतं. नट आवळलेला तर असतोच, वरून असा सांधून गेलेला.

सगळ्यात आधी : नट आहे का, ते बघा

हसू नका. जार उपडा करून बुडात उजेड मारा. कपलरच्या भोवती सहा बाजूंचा नट दिसला तरच पुढं वाचा. काही जारांत बुश तळात दाबून किंवा रिव्हेट मारून बसवलेला असतो, तिथं सोडवायला काहीच नसतं. मी बिघडवलेल्या चार जारांतला पहिला असाच. गोल कड होती, तिलाच नट समजून पाईप पाना लावला आणि तळाला भोक पाडलं. तसा जार असेल तर तो दुरुस्तीवाल्याकडंच द्या. त्यांच्याकडं दाबून बुश काढायचं प्रेस असतं.

जार वॉरंटीत असेल तर तोही उघडू नका.

आणि हात लावण्याआधी पात्यावर जाड फडकं गुंडाळून दोरीनं बांधा. पाना निसटला की हात पात्यावर जातो, हा अनुभव एकदाच पुरतो.

पहिला उपाय : गरम पाणी, आणि धीर

फुकटचा उपाय, म्हणून आधी. मोठ्या पातेल्यात हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम पाणी घ्या, त्यात भांडी घासायचा साबण टाका आणि जार बुडाकडून त्यात अर्धा तास ठेवा. उकळतं नको, प्लॅस्टिकची कड असलेले जार वाकतात. मग जुना टूथब्रश घेऊन नटाच्या सहाही बाजू आणि आट्यांचं दिसणारं टोक घासून काढा. कोपऱ्यातली पुटं सुईनं किंवा दात कोरायच्या काडीनं काढा.

याचे फायदे दोन. सुकलेलं तेल आणि मसाला नरम पडतो, हा एक. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : नटाच्या बाजू स्वच्छ झाल्या की पाना पूर्ण खाली बसतो. पातळ नट, त्यावर मसाल्याचं पूट, त्यावर अर्धवट टेकलेला पाना, एवढं झालं की कोपरे गेलेच समजा. पाच-सहा जारांत एक नट तर एवढ्यावरच सुटतो.

दुसरा : कपलर काढणं, आणि दिशा ओळखणं

कपलर जागेवर असेपर्यंत नटावर पाना नीट बसत नाही. काही जारांत तो नुसता दाबून बसवलेला असतो, पण बहुतेक ठिकाणी आट्यांवर असतो. कुठल्या दिशेनं फिरवायचा, यावर सगळ्यांचा गोंधळ होतो. ‘मिक्सरला उलटे आटे असतात’ एवढं ऐकलेलं असतं, पण कुठले उलटे आणि कुठून बघून उलटे, हे कुणी सांगत नाही. मी पाठांतर करत नाही, बाण काढतो.

जार बाजूला ठेवून रिकामा मिक्सर क्षणभर चालवा आणि बंद करा. मोटरवरचा कपलर थांबता थांबता कुठल्या दिशेनं फिरतोय ते वरून बघा. आता वायर काढून ठेवा, जार मोटरवर सरळ बसवा आणि जारच्या बाहेरच्या अंगावर त्याच दिशेचा बाण मार्करनं काढा. जार उपडा केला तरी बाण जारबरोबरच राहतो, डोक्यात उलटसुलट करावं लागत नाही. मोटर कपलरला बाणाच्या दिशेनं ओढते आणि आटे असे कापलेले असतात की ओढल्यावर तो आवळला जावा. म्हणून सोडवताना कपलर बाणाच्या उलट फिरवायचा.

पातं फडक्यातून धरून ठेवा, किंवा जारमध्ये लाकडाची जाड पट्टी घालून पातं तिला टेकवा. इथं पातं धरणं बरोबर आहे, कारण दांडी पात्याला जोडलेली आणि कपलर दांडीवर. कपलरचे दात पक्कडीनं चावू नका. तरी तुटलाच तर फार वाईट वाटून घेऊ नका, या सगळ्यात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

मोठ्या नटाची गोष्ट वेगळी. तो फिरत नाही, म्हणून बाणाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यासाठी आट्यांकडं बघायचं. नटाच्या बाहेर बुशाचे एक-दोन आटे दिसत असतात. ते डोळ्यासमोर उभे धरा. आट्याची रेघ उजव्या हाताला चढत असेल तर आटे सरळ, म्हणजे खालून बघताना घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतं. डावीकडं चढत असेल तर उलटे, घड्याळाच्या दिशेनं सोडवायचं. माझ्या हातात आलेल्या बहुतेक नटांचे आटे सरळच होते. पण बघायला दहा सेकंद लागतात, आणि चुकलात तर आधीच घट्ट असलेला नट तुम्हीच आणखी आवळता. माझा दुसरा बिघडलेला जार तो.

तिसरा : योग्य पाना, आणि जार धरायची रीत

ॲडजस्टेबल पाना नको. त्याचे जबडे जरा तरी सैल राहतातच आणि दोनच बाजूंवर जोर येतो. पाईप पान्याला तर दात असतात, पितळ सोलून निघतं. नटाच्या समोरासमोरच्या बाजूंतलं अंतर मोजा आणि त्या मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना घ्या. नट खोल खळग्यात असेल तर बॉक्सच लागतो. एवढा मोठा पाना घरात नसतो, पण दुचाकीच्या गॅरेजमध्ये असतो. तासाभरासाठी मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत.

जार किलतानात किंवा जुन्या ओल्या टॉवेलात गुंडाळा, उपडा करून जमिनीवर ठेवा आणि दोन्ही गुडघ्यांत धरा. कानाला, म्हणजे हँडलला, धरून कधीही जोर लावू नका. ते एक-दोन स्क्रूवर नाहीतर पत्र्याच्या डागावर उभं असतं. माझा तिसरा जार.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. नट सोडवताना लोक वरून पातं धरतात. त्यानं काहीच होत नाही. पातं दांडीवर आहे, दांडी बुशात मोकळी फिरते, आणि नट बसलाय बुशावर. पातं धरलं म्हणून बुश धरला जात नाही. उलट दांडी बुशात अडकलेली असेल तर सगळा पीळ त्या पातळ दांडीवर येतो आणि ती वाकते. बुश धरून ठेवायचं काम बुशाच्या मानेवरचा सपाट कापलेला भाग करतो. तो तळाच्या तशाच आकाराच्या भोकात बसतो. तो नीट बसलेला असेल तर नुसता जार धरणं पुरतं.

चौथा : तेल, पण कुठं आणि किती

गंज सोडवायचा स्प्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नळीचं टोक नट आणि बुशाच्या फटीत टेकवून दोनच फुसकारे. जास्त मारून काही मिळत नाही, ते वायसरवर जातं. जार उपडाच ठेवा, म्हणजे तेल आट्यांत उतरेल, आणि रात्रभर सोडा. अधूनमधून नटावर पान्याच्या दांड्यानं हलके टक-टक करा, कंपनानं तेल आत सरकतं.

घरचं खोबरेल लावून बघितलं तर चालेल का, असं विचारतात. नुकसान नाही, पण ते जाड आहे, आट्यांत फारसं शिरत नाही. आणि डिसेंबरात बेळगावच्या थंडीत ते नटावरच थिजून बसतं.

जारचं अंग पारदर्शक प्लॅस्टिकचं असेल तर स्प्रे, पेट्रोल, थिनर यातलं काहीही लावू नका. त्या प्लॅस्टिकला असल्या द्रावणांनी बारीक भेगा पडतात आणि एक दिवस जार चालू असताना फुटतो. तिथं गरम पाण्यापुढं जायचं नाही.

तेल मारलं म्हणजे रबरी वायसर बदलायचाच. तो तेलानं फुगतो आणि त्याचा वासही जात नाही.

गॅसवर धरून नट तापवायचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. नको. रबर जळतं, प्लॅस्टिकची कड वितळते, आणि बुश बहुतेक करून असा असतो की त्याच्या धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. आचेनं ते बाहेर येतं आणि कोरडा बुश महिन्याभरात किंचाळायला लागतो. सेट बदलणार असाल तर बुशाचं जाऊ दे, पण जारचा तळ तर तोच राहणार आहे.

पाचवा : जोर नको, झटका

अडकलेला नट सतत दाबानं सुटत नाही, पिळतो. पाना बसवा. आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेनं टेका द्या. कित्येकदा टक असा बारीक आवाज येतो, तोच सांधा तुटल्याचा आवाज. मग सोडवायच्या दिशेनं पान्याच्या टोकावर लाकडी किंवा रबरी हातोडीनं छोटे, चटपटीत ठोके द्या. जोराचा एक ठोका नको, हलके दहा.

पान्याचा दांडा वीतभर असावा. त्याला पाईप जोडून हातभर केला की आपल्याला सोपं वाटतं, पण तेवढा पीळ नटाऐवजी तळाचा पातळ पत्रा घेतो. वीतभर दांड्यावर हलक्या ठोक्यांनी जो नट सुटत नाही, तो घरी सोडवायचा नट नव्हेच, असं मी धरतो.

वडगावातला एक जार

हे सगळं एकत्र कसं लागतं ते एका जारवरून सांगतो. गणपतीच्या आधीचा रविवार. पलीकडच्या गल्लीतल्या काकू स्टीलचा चटणीचा जार घेऊन आल्या.

“नट फिरतोय की रे, पण निघंना बघ. ह्यांनी काल तासभर फिरवला.”

“काकू, ह्याच्या आधी कुणी हात लावलेला काय?”

“गळत होतं म्हणून दुकानात दिलतं. त्यानं आवळून दिलं. तवापासून कपलर पण जड फिरतंय.”

बुडात बघितलं तर नटाच्या दोन बाजूंवर पाईप पान्याचे दात उमटलेले. गरम पाण्यात अर्धा तास ठेवला, घासला. बाण काढून कपलर काढला, तो निमूट निघाला. आटे उजवीकडं चढत होते, म्हणजे सरळ. सत्तावीसचा बॉक्स बसला. फिरवला तर काकूंनी सांगितलं तसंच : नट फिरतोय, आणि आतली कडही त्याच्याबरोबर. शंभर वेळा फिरवला असता तरी निघाला नसता.

बुशाची मान भोकातून निसटली होती. का निसटली ते नंतर कळलं, आधी ती परत बसवायला हवी होती. जारच्या खोलीपेक्षा चार बोटं लांब असा जाड लाकडी दांडका घेतला, त्याच्या टोकाला पात्यावरच्या टोपीपुरतं खळगं कोरलं. दांडका जमिनीवर उभा केला आणि जार त्यावर उपडा घातला, म्हणजे पात्याचा मधला भाग दांडक्यावर टेकला आणि जार जमिनीपासून चार बोटं वर राहिला. आता जारची कड दोन्ही हातांनी खाली ओढली की जारचा तळ बुशाच्या कडेवर दाबला जातो. मधलं रबर दबतं आणि मान भोकात उतरते.

“काकू, ह्या दोन बाजूंनी धरा आणि खाली ओढून ठेवा. पात्याकडं बोटं नकोत.”

त्यांनी ओढलं, मी नट हळू फिरवला, आणि पाव फेऱ्यात कड अडकल्याचं हाताला कळलं. आता नट अजिबात हलेना. हे बघून काकू म्हणाल्या, “हे तर आणखीनच घट्ट झालं!” पण खरी अडचण आत्ता कुठं हाताला लागली होती. दोन फुसकारे मारले, जार उपडा ठेवला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावलं.

सोमवारी परत तोच दांडका, काकूंनी परत जार ओढून धरला. आधी आवळायच्या बाजूला जरासा टेका, मग लाकडी हातोडीचे ठोके. आठव्या-नवव्या ठोक्याला नट सुटला. आतून वायसर निघाले दोन, एकावर एक घातलेले. गळती थांबावी म्हणून दुकानातल्यानं जुना तसाच ठेवून नवा वर चढवला होता. दोन रबरांच्या जाडीनं बुश उचलला गेला आणि त्याची सपाट मान भोकापर्यंत पोचेनाशी झाली. बुश झिजलेलाच होता, म्हणून गळतीही दांडीलगतच होती. दोन काय चार वायसर घातले असते तरी थांबली नसती.

बसवताना

भोकाची कड आणि तळ साबणानं धुवा, तेलाचा अंश राहू देऊ नका, शेवटी जारमध्ये खायचं वाटायचंय. नवा वायसर एकच. बुशाची मान भोकात बसली का ते बोटानं फिरवून बघा, बुश फिरायला नको. नट हातानं लागेल तेवढा लावा, मग पान्यानं साधारण पाव फेरा. रबर किंचित फुगून कडेला आलेलं दिसलं की बस. कपलर लावून दांडी वर-खाली ओढून बघा, नखभर हालचाल राहिली पाहिजे आणि बोटानं ती मोकळी फिरली पाहिजे. ती जड लागली तर मोटर पुढं सगळ्या बुशालाच ओढायला बघते, आणि आट्यांची दिशा तशी असली तर नट आपोआप आवळत जातो. काकूंचा कपलर जड फिरत होता तो हेच सांगत होता.

आता जारमध्ये दोन वाट्या पाणी घालून तो वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद कोरडा राहिला तर अर्धा जार पाणी घेऊन पाच-दहा सेकंद फिरवा आणि परत कागदावर ठेवा. ओलावा मधोमध आला तर बुश किंवा त्याचं सील बघा. नटाभोवती गोल आला तर वायसर वाकडा बसलाय, काढून परत बसवा. नट आणखी आवळू नका.

कुठं थांबायचं

नटाचे कोपरे गोल झाले असतील तर थांबा. तळाला पोचा दिसला, पत्रा वळला किंवा प्लॅस्टिकच्या कडेला केसाएवढी भेग दिसली तर थांबा. दांडी वाकून पातं लंगडत फिरत असेल तरी थांबा. तळाचं भोक एकदा आकारातून गेलं की कुठलाही वायसर ते धरत नाही आणि जार कायमचा गळका होतो. दोन रात्री तेल आणि दोनदा ठोके देऊनही नट ढिम्म असेल तर तो कापूनच काढावा लागतो, आणि ते दुरुस्तीवाल्याचं नाहीतर टर्नरचं काम.

कापण्याचं का सांगतो तेही ऐका. माझा चौथा जार हाच. कोपरे गेलेल्या नटावर मी छिन्नी धरली होती आणि चार ठोक्यांत तळाला पोचा पाडला. दुसऱ्या दिवशी तो शॉपमधल्या कन्नड मिस्त्रींकडं नेला. त्यांनी जार हातात फिरवला, पोचा बघितला आणि म्हणाले, “साकु. इन्न ब्याड री.” पुरे आता. मग त्यांनी जार व्हाईसमध्ये दाबला नाही, लाकडी ठोकळ्यावर उपडा घातला, बुशात बोळा कोंबला आणि हॅकसॉच्या पात्यानं नटाच्या एका बाजूला चीर पाडत गेले. आट्यांच्या अलीकडं दोऱ्याएवढी जाडी राहिली तेव्हा थांबले, चिरेत पेचकस घालून पिळला, आणि नट अंगठीसारखा उघडला. पाच मिनिटं लागली असतील. करवतीची पूड आत जाऊ नये म्हणून तो बोळा होता, आणि तळावर एक ओरखडा नाही. ते हात माझे नाहीत, म्हणून नट कापायची वेळ आली की मी अजूनही जार त्यांच्याकडंच नेतो.

पैशाचा हिशोब एवढाच : सेट, वायसर आणि मजुरी मिळून नव्या जारच्या निम्म्यावर जात असेल तर नवा जार घ्या. काकूंचा हिशोब निम्म्याच्या आत बसला. गणपतीत त्यांनी कारळ्याची चटणी पाठवली, आणि जार गळत नाही हे त्या डब्याबरोबर सांगायला त्यांचा मुलगा आला होता. येताना शेजाऱ्यांचा एक जार घेऊन.